अनेक तुलनांची करेक्शन: समायोजित पी-व्हॅल्यू काढायची कशी आणि निकालात लिहायची कशी

प्रबंधांची संख्याशास्त्रीय प्रकरणं तपासताना एक वाक्य मला वारंवार भेटतं: "अनेक तुलनांसाठी बॉनफेरोनी करेक्शन वापरले." पुढच्या पानावर तक्ता असतो आणि त्यात 'पी-व्हॅल्यू' नावाचा एकच रकाना. तो आकडा करेक्शनच्या आधीचा की नंतरचा? किती तुलना धरल्या होत्या? तुलना ०.०५ शी केली की ०.००५ शी? तक्ता यातलं काहीच सांगत नाही. विद्यार्थ्याला विचारलं तर तो म्हणतो, "सॉफ्टवेअरने दिलं तेच लिहिलं."

गणित सोपं आहे, आठवीच्या गुणाकाराइतकं. चुका होतात त्या कामाच्या क्रमात आणि लिहिण्यात. म्हणून एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेतो. R मध्ये `airquality` नावाची तयार माहिती येते. ती १९७३ च्या मे ते सप्टेंबरमधली, न्यूयॉर्कची, रोजची हवेची मोजमापं आहेत. दिवस १५३, पण ओझोनची नोंद ११६ दिवसांचीच. प्रश्न असा: कोणत्या महिन्यांच्या सरासरी ओझोनमध्ये फरक आहे?

| महिना | नोंदी | सरासरी ओझोन (पीपीबी) |
|---|---|---|
| मे | २६ | २३.६ |
| जून | ९ | २९.४ |
| जुलै | २६ | ५९.१ |
| ऑगस्ट | २६ | ६०.० |
| सप्टेंबर | २९ | ३१.४ |

पाच महिने, म्हणजे जोड्या दहा. प्रत्येक जोडीला ०.०५ ची सूट दिली आणि खरंतर कुठेच फरक नसला, तरी दहा स्वतंत्र चाचण्यांत निदान एक खोटा "फरक आहे" मिळण्याची शक्यता १ − ०.९५^१०, म्हणजे सुमारे ४० टक्के. आपल्या दहा जोड्या एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत (एकटा मे दहापैकी चार जोड्यांत येतो), त्यामुळे नेमका आकडा वेगळा असेल, पण ५ टक्क्यांच्या तो बराच वरच राहतो.

## टप्पा १: कुटुंब ठरवा, तेही माहिती उघडण्याआधी

एका दाव्यासाठी ज्या सगळ्या चाचण्या एकत्र धरायच्या, त्यांना तुलनांचं कुटुंब म्हणतात. करेक्शनमधला सगळ्यात मोठा निर्णय हाच आहे. पद्धत कोणती, हा त्यानंतरचा प्रश्न. कसं ते जून-ऑगस्ट या एका जोडीवर बघू. तिची कच्ची पी-व्हॅल्यू ०.००८३१ आहे.

समजा, अभ्यासाचा आराखडा लिहितानाच ठरलं होतं की फक्त जूनची बाकी चार महिन्यांशी तुलना करायची. मग कुटुंबात ४ चाचण्या आणि बॉनफेरोनीनुसार समायोजित पी ०.०३३. सगळ्या जोड्या बघायच्या असतील तर कुटुंब १० चं आणि तीच पी ०.०८३. त्याच माहितीत तापमान, वारा आणि सूर्यप्रकाश हेही रकाने आहेत. "हवामानाच्या कोणत्याही घटकात, कोणत्याही दोन महिन्यांत फरक आहे का" असा एकच सैल प्रश्न विचारला, तर चाचण्या ४० आणि पी ०.३३. मोजमाप तेच, फरकही तोच. बदललं ते फक्त आपण किती ठिकाणी शोधलं ते.

कुटुंब ओळखायला मी एक साधा प्रश्न विचारतो: यातली कोणतीही एक चाचणी सार्थक आली असती, तर तुम्ही निष्कर्षात तेच वाक्य लिहिलं असतं का? उत्तर "हो" असेल तर त्या सगळ्या एकाच कुटुंबातल्या. ओझोन आणि वारा हे दोन वेगळे, आधीच लिहून ठेवलेले प्रश्न असतील आणि त्यांचे निष्कर्षही वेगवेगळे मांडले जाणार असतील, तर दोन कुटुंबं करायला हरकत नाही. पण तसं लिहावं लागेल.

इशारा. निकाल पाहून कुटुंब छोटं करू नका. दहा जोड्या चालवल्या, मग "आम्हाला खरंतर जूनमध्येच रस होता" म्हणून चारने गुणलं, तर ते करेक्शन नव्हे. तक्त्यात दाखवलेल्या चाचण्या मोजायच्या नाहीत, केलेल्या मोजायच्या.

तपासणी. वहीत एक ओळ लिहा: "कुटुंब: ओझोन, पाच महिन्यांच्या सर्व जोड्या, m = १०." तारीख घाला. ही ओळ लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: पद्धत एकच निवडा, आणि तीही आधीच

पद्धती दोन घराण्यांत पडतात. पहिल्यांचं वचन असं असतं: अख्ख्या कुटुंबात एकही खोटा फरक जाहीर होण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आत ठेवू. बॉनफेरोनी, होल्म आणि तुकी या घराण्यातल्या. दुसरं घराणं सैल आहे. जाहीर केलेल्या फरकांपैकी खोट्यांचं प्रमाण सरासरीने ५ टक्क्यांच्या आत ठेवू, एवढंच ते म्हणतं. बेंजामिनी-हॉकबर्ग, म्हणजे बीएच, ही त्यातली नेहमीची पद्धत.

दहा-वीस तुलना असतील आणि प्रत्येकीवर स्वतंत्र विधान करायचं असेल, तर पहिलं घराणं. हजारो जनुकं चाळून पुढच्या प्रयोगासाठी काही निवडायची असतील, तर दुसरं.

पहिल्या घराण्यात बॉनफेरोनीच का घ्यावी, याचं पटणारं कारण मला फार कमी वेळा मिळतं. होल्म तेच वचन पाळते, तिच्या अटीही तेवढ्याच, आणि तिची समायोजित पी बॉनफेरोनीपेक्षा कधीच मोठी नसते. बॉनफेरोनीची जमेची बाजू एकच, तिला साजेशी विश्वास-मर्यादा सहज काढता येते. त्याकडे टप्पा ६ मध्ये येऊ. सर्व जोड्यांचीच तुलना असेल तर तुकीही योग्य आहे. ती त्याच कामासाठी बनलेली आहे.

आता आधीच का निवडायची ते पाहा. जून-ऑगस्ट या जोडीचा निकाल:

| पद्धत | समायोजित पी |
|---|---|
| बॉनफेरोनी | ०.०८३१ |
| तुकी | ०.०५ पेक्षा थोडी जास्त |
| होल्म | ०.०४९९ |
| बीएच | ०.०१६६ |

चार पद्धती, दोन "हो" आणि दोन "नाही". चारही चालवून आवडती उचलली, तर ती निवडदेखील एक लपलेली अनेक-तुलनाच झाली. या लेखापुरती मी होल्म धरतो.

इशारा. "एफ-चाचणी सार्थक आली, म्हणजे पुढच्या जोड्यांना करेक्शन लागत नाही" हा समज जुना आणि चिवट आहे. इथे एफ खरोखर सार्थक आहे: F(४, १११) = ८.५४, p < ०.००१. पण एफ आधी बघण्याचं संरक्षण तीन गटांपर्यंतच पुरतं. चार किंवा जास्त गट झाले की ते गळतं. कृषी विद्याशाखेच्या प्रबंधांत सी.डी. काढून सगळ्या उपचारांच्या जोड्या लावतात, तिथेही हेच घडतं. सी.डी.मध्ये अनेक तुलनांची करेक्शन नसते आणि आठ उपचार असले की जोड्या २८ होतात.

## टप्पा ३: कच्च्या पी-व्हॅल्यू पूर्ण अचूकतेने जपा

करेक्शन नेहमी कच्च्या आकड्यांवर चालते. म्हणून आधी कोणतीही करेक्शन न लावता दहाही पी-व्हॅल्यू काढा आणि पडद्यावर गोल करून दाखवलेल्या आकड्यांऐवजी आतले पूर्ण आकडे साठवा. 'पी ०.०००' असं छापलेलं पाहून तेच पुढे टंकलं, तर शून्याला दहाने गुणून शून्यच मिळेल.

```r
aq <- transform(airquality,
  Month = factor(Month, labels = month.abb[5:9]))
raw <- with(aq, pairwise.t.test(Ozone, Month,
  p.adjust.method = "none"))$p.value
d <- na.omit(as.data.frame(as.table(raw)))
nrow(d)    # 10
```

`p.adjust.method` मुद्दाम `"none"` लिहिलं आहे. काहीच लिहिलं नाही तर `pairwise.t.test` स्वतःहून होल्म लावतं. ते लक्षात न घेता त्या उत्तरावर पुन्हा `p.adjust` चालवलेले प्रबंध मी पाहिले आहेत. दोनदा लावलेली करेक्शन जास्त काटेकोर होत नाही, ती नुसती चूक असते.

तपासणी. `nrow(d)` चं उत्तर वहीतल्या m शी जुळायला हवं. ९ आलं, तर एखादी जोडी गळाली आहे. आधी ती शोधा.

## टप्पा ४: एकदा हाताने करून पाहा

सॉफ्टवेअर आहेच, पण होल्म एकदा कागदावर केली की पुढच्या अर्ध्या चुका आपोआप टळतात. पी-व्हॅल्यू लहानापासून मोठीकडे लावा. पहिलीला १० ने गुणा, दुसरीला ९ ने, तिसरीला ८ ने, असं खाली उतरत जा. दोन नियम पाळा. उत्तर १ च्या वर गेलं तर १ लिहा. आणि एखादं उत्तर वरच्या ओळीपेक्षा लहान आलं, तर वरचंच उतरवा, म्हणजे क्रम उलटणार नाही.

| क्र. | जोडी | कच्ची पी | गुणक | होल्म पी |
|---|---|---|---|---|
| १ | मे–ऑगस्ट | ०.००००१९ | १० | ०.०००१९ |
| २ | मे–जुलै | ०.००००२९ | ९ | ०.०००२६ |
| ३ | ऑगस्ट–सप्टेंबर | ०.०००४८५ | ८ | ०.००३८८ |
| ४ | जुलै–सप्टेंबर | ०.०००६९७ | ७ | ०.००४८८ |
| ५ | जून–ऑगस्ट | ०.००८३१२ | ६ | ०.०४९८७ |
| ६ | जून–जुलै | ०.०१०२२५ | ५ | ०.०५११३ |
| ७ | मे–सप्टेंबर | ०.३३ | ४ | १ |
| ८ | मे–जून | ०.६१ | ३ | १ |
| ९ | जून–सप्टेंबर | ०.८६ | २ | १ |
| १० | जुलै–ऑगस्ट | ०.९२ | १ | १ |

शेवटच्या तीन ओळी बघा. ०.६१ ला ३ ने गुणलं की १ च्या वर जातं, ते ठीक. पण दहाव्या ओळीत ०.९२ ला १ ने गुणलं तर ०.९२ च येतं. मग तिथे १ का? कारण दुसरा नियम: वर १ आलं आहे, त्याखाली लहान आकडा चालत नाही. हाताने करणारे इथे हमखास अडतात आणि मग "R चुकतंय" म्हणतात.

बीएचमध्ये चाल उलटी असते. प्रत्येक पी ला १० ने गुणून तिच्या क्रमांकाने भागायचं आणि खालून वर येताना लहान आकडा वर न्यायचा. पहिल्या ओळीत ०.००००१९ × १० ÷ १ = ०.०००१९ येतं, दुसरीत ०.००००२९ × १० ÷ २ म्हणजे सुमारे ०.०००१५. दुसरी लहान, म्हणून पहिलीलाही तीच. दोन वेगळ्या जोड्यांची समायोजित पी नेमकी सारखी दिसली तर घाबरू नका, ती नक्कल-चिकटवची चूक नसते.

एक्सेलवर काम करणाऱ्यांसाठी: A रकान्यात क्रमांक, B मध्ये चढत्या क्रमाने कच्च्या पी, आणि C2, C3 मध्ये अनुक्रमे ही सूत्रं. C3 खाली ओढायचं.

```
=MIN(1, B2*10)
=MIN(1, MAX(C2, B3*(11-A3)))
```

## टप्पा ५: सॉफ्टवेअरचं उत्तर ओळखायला शिका

```r
d$holm <- p.adjust(d$Freq, method = "holm")
```

हे आकडे वरच्या तक्त्याशी जुळले पाहिजेत. जुळले नाहीत, तर बहुधा पुढीलपैकी काहीतरी झालेलं असतं.

सर्रास दिसणारी चूक म्हणजे `p.adjust` ला फक्त "चांगल्या" पी-व्हॅल्यू देणं. वरच्या सहाच दिल्या, तर ते बिचारं m = ६ समजतं. मग जून-ऑगस्ट पाचव्या क्रमांकावर असल्यामुळे गुणक २ होतो आणि पी ०.०१६६ दिसते. सगळं छान सार्थक, आणि सगळं चुकीचं. दहाही द्या. काही कारणाने दहा हाताशी नसतील, तर निदान `n = 10` सांगा. हाच धोका गाळलेल्या मूल्यांचाही आहे. एखाद्या जोडीची पी `NA` असली, तर `p.adjust` तिला न मोजता m कमी करतं आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

पायथनच्या `statsmodels` मध्ये `multipletests` ला पद्धत सांगितली नाही, तर ते `'hs'` वापरतं. ती होल्म-सिडाक, होल्म नव्हे. म्हणून `method='holm'` असं स्पष्ट लिहा.

एसपीएसएसवाल्यांची चूक उलट्या दिशेची. पोस्ट-हॉकमध्ये बॉनफेरोनी निवडलं की `Sig.` रकान्यातला आकडा आधीच तुलनांच्या संख्येने गुणलेला असतो. क्रुस्कल-वॉलिसनंतरच्या जोड्यांत तर `Adj. Sig.` असं वेगळंच नाव असतं. हा आकडा ०.०५ शी ताडायचा. दहा तुलना म्हणून तो ०.००५ शी ताडला, तर करेक्शन दोनदा होते. आपल्या उदाहरणात बॉनफेरोनीने जुलै–सप्टेंबरची समायोजित पी ०.००७ येते. ती ०.००५ शी ताडून "फरक नाही" म्हटलं, तर कच्ची पी ०.०००७ असलेला, २७.७ पीपीबीचा फरक आपण स्वतःच्या हाताने पुसून टाकू.

तपासणी. एक तर पी वाढवा, नाहीतर उंबरठा उतरवा. दोन्ही एकदम कधीच नाही. मी नेहमी पहिलं सुचवतो. त्यामुळे तक्त्यातला प्रत्येक आकडा वाचकाच्या ओळखीच्या ०.०५ शीच ताडता येतो.

## टप्पा ६: निकालाचा तक्ता

चांगल्या तक्त्यात प्रत्येक तुलनेला फरक, त्याची विश्वास-मर्यादा, कच्ची पी आणि समायोजित पी असते. कच्ची पी ठेवायला बरेच मार्गदर्शक नको म्हणतात, "वाचक गोंधळेल" म्हणून. माझं मत उलटं आहे. कच्ची पी दिली असेल तर उद्या कोणी वेगळं कुटुंब किंवा वेगळी पद्धत धरून स्वतः हिशेब करू शकतो. होल्मच्या आकड्यावरून मागे जाता येत नाही, एकदा १ लिहिलं की मूळ आकडा हरवतोच.

जागेसाठी दोनच ओळी दाखवतो. प्रबंधात दहाही हव्यात, सार्थक न आलेल्यांसकट.

| तुलना | फरक (पीपीबी) | ९५% मर्यादा, असमायोजित | p (कच्ची) | p (होल्म, m = १०) |
|---|---|---|---|---|
| ऑगस्ट − जून | ३०.५ | ८.० ते ५३.० | ०.००८३ | ०.०४९९ |
| ऑगस्ट − मे | ३६.३ | २०.२ ते ५२.५ | < ०.००१ | < ०.००१ |

रकान्याच्या मथळ्यातच पद्धत आणि m आले आहेत, हे पाहा. तळटीप वाचायला कोणी खाली उतरत नाही. फरकाची दिशाही लिहिली आहे: ऑगस्टमधून जून वजा.

दशांशांबाबत एक खास सापळा या उदाहरणात आहे. दोन दशांशांना गोल केलं, तर जून–ऑगस्टची ०.०४९८७ आणि जून–जुलैची ०.०५११३ या दोन्ही ०.०५ दिसतात. एकीवर तारका आणि दुसरीवर नाही. वाचकाला वाटेल छपाईची चूक. तीन दशांशांनीही पहिली ०.०५० च होते. म्हणून उंबरठ्याजवळच्या आकड्यांना चार दशांश द्या: ०.०४९९ आणि ०.०५११. फार लहान आकड्यांना उलट < ०.००१ पुरतं. "p = ०.०००" कधीही लिहू नका, आणि १ वर थांबवलेल्या आकड्यांना "p = १.००" लिहा, "p > १" नव्हे.

विश्वास-मर्यादेचं थोडं नाजूक आहे. होल्मला साजेशी, साधी विश्वास-मर्यादा नसते. त्यामुळे तीन मार्ग उरतात: असमायोजित ९५% मर्यादा देऊन तसं मथळ्यात लिहिणं, बॉनफेरोनीच्या मर्यादा देणं, किंवा पहिल्यापासून तुकी घेऊन पी आणि मर्यादा दोन्ही तिच्याच देणं. दुसऱ्या मार्गात दहा तुलनांसाठी प्रत्येक मर्यादा ९९.५ टक्क्यांची काढायची. ऑगस्ट − जूनसाठी ती −२.० ते ६३.० येते. तिच्यात शून्य आहे. शेजारी होल्मची पी मात्र ०.०४९९! परीक्षक बरोबर तिथेच बोट ठेवेल. गणितात विसंगती नाही, होल्म बॉनफेरोनीपेक्षा थोडी जास्त ताकदवान आहे एवढंच. पण तळाशी एक ओळ लिहून ठेवली नाही, तर व्हायव्हात दहा मिनिटं त्यातच जातील.

इशारा. सरासऱ्यांवर a, b, c अशी अक्षरं लावायची प्रथा असेल, तर ती समायोजित पी वरूनच लावा आणि कोणत्या पद्धतीने लावली ते तक्त्याखाली लिहा. होल्मने इथे ऑगस्टला a, जुलैला ab, जूनला bc, मे आणि सप्टेंबरला c मिळतं. जून जुलैपासून वेगळा ठरला नाही, जुलै ऑगस्टपासून नाही, तरी जून ऑगस्टपासून वेगळा ठरला. विचित्र वाटतं, पण "वेगळा ठरला नाही" म्हणजे "सारखा आहे" नव्हे.

## टप्पा ७: मजकुरातली वाक्यं

आधी पद्धतीच्या प्रकरणातलं वाक्य. त्यात कुटुंब, m, पद्धत, चाचणी आणि उंबरठा एवढं यायला हवं:

> ओझोनच्या मासिक सरासऱ्यांची तुलना एकमार्गी प्रसरण विश्लेषणाने केली. त्यानंतर पाच महिन्यांच्या सर्व दहा जोड्यांसाठी एकत्रित प्रमाण विचलन वापरून दुहेरी टी-चाचण्या केल्या. दहाही पी-व्हॅल्यू होल्म पद्धतीने समायोजित केल्या आहेत. समायोजित पी ०.०५ पेक्षा कमी असल्यास फरक सार्थक मानला आहे. विश्वास-मर्यादा असमायोजित आहेत.

मग निकालातलं वाक्य. वाईट नमुना आधी:

> जून आणि ऑगस्टमध्ये सार्थक फरक आढळला (p < ०.०५).

यात फरक किती, कोणत्या दिशेला, पी कच्ची की समायोजित, काहीच नाही. हेच असं लिहा:

> ऑगस्टमधील सरासरी ओझोन जूनपेक्षा ३०.५ पीपीबीने जास्त होता (असमायोजित ९५% मर्यादा ८.० ते ५३.०; t(१११) = २.६९, होल्म-समायोजित p = ०.०४९९). जुलै आणि जूनमधील फरक जवळपास तेवढाच, २९.७ पीपीबी असूनही तो उंबरठ्याच्या किंचित वर राहिला (होल्म-समायोजित p = ०.०५११).

दुसरं वाक्य मुद्दाम ठेवलं आहे. २९.७ आणि ३०.५ या दोन फरकांत व्यवहारात काही अंतर नाही. एकाला "सार्थक" आणि दुसऱ्याला "फरक नाही" असं लिहून मोकळं झालं, की वाचक जुलै आणि ऑगस्ट वेगळे समजतो. ते दोन महिने तर एकमेकांपासून ०.८ पीपीबीवर आहेत! अशा वेळी दोन्ही जोड्या शेजारी मांडा. "सार्थकतेकडे झुकणारा" हा शब्दप्रयोग मात्र टाळा, तो आकड्याला ढकलून उंबरठ्याच्या आत नेण्याचा प्रकार वाटतो.

टी ची किंमत आणि स्वातंत्र्यमात्रा करेक्शनने बदलत नाहीत, फक्त पी बदलते. त्यामुळे t(१११) = २.६९ वरून कोणी स्वतः पी काढली तर त्याला ०.००८३ मिळेल, ०.०४९९ नाही. म्हणून कंसातल्या पी आधी "होल्म-समायोजित" हे शब्द प्रत्येक वेळी हवेत, नुसता एकदा पद्धतीच्या प्रकरणात उल्लेख पुरत नाही.

बीएच वापरली असेल तर आणखी एक काळजी. ०.०१६६ म्हणजे "हा फरक खोटा असण्याची शक्यता १.७ टक्के" असा अर्थ नाही. वचन अख्ख्या यादीचं असतं, एका ओळीचं नसतं.

## टप्पा ८: करेक्शनच्या कक्षेबाहेरचं

करेक्शन एकाच दुखण्यावर औषध आहे, तुलना जास्त झाल्या त्यावर. मूळ पी चुकीची असेल तर समायोजित पीही तितकीच चुकीची. या उदाहरणात तीन गोष्टी खटकायला हव्यात. जूनच्या ३० दिवसांपैकी २१ दिवसांची ओझोन-नोंद नाही, आणि उंबरठ्यावर लटकलेल्या दोन्ही जोड्या जूनच्याच आहेत. रोजचं मोजमाप आदल्या दिवसाशी जोडलेलं असतं, तर टी-चाचणी प्रत्येक दिवस स्वतंत्र धरते. आणि ओझोनचे आकडे उजवीकडे लांब शेपटी असलेले आहेत, सगळ्या महिन्यांना एकच प्रमाण विचलन लावणं ओढूनताणून होतं. यातलं काहीही होल्मने सुधारत नाही. खऱ्या अभ्यासात मी आधी हे निस्तरेन, जुळणारी चाचणी घेईन, नव्या कच्च्या पी काढेन आणि मग टप्पा ४ पासून पुन्हा सुरू करेन.

प्रबंध बांधणीला देण्याआधी तक्ता एखाद्या मित्राच्या हातात द्या, ज्याने तुमचं काम पाहिलेलं नाही. पद्धतीचं प्रकरण झाकून ठेवा. किती तुलना केल्या, कोणती पद्धत लावली आणि ०.०४९९ कोणत्या आकड्यापासून आला, ही तीन उत्तरं त्याला तक्त्यावरूनच देता आली पाहिजेत. कॅल्क्युलेटर घेऊन तो ०.००८३१२ ला ६ ने गुणेल आणि "सहानेच का?" असं विचारेल, तेव्हा टप्पा ४ चा तक्ता त्याच्यापुढे ठेवा.